लिमिटिंग रिएजंट चुकला, पण पुढचं गणित जमलं: चारपैकी किती द्याल?

खडूची_धूळ

अकरावीच्या युनिट टेस्टचे पेपर तपासतोय. गठ्ठा संपत आला होता आणि एका पेपरावर येऊन अडकलो. लाल पेन दोनदा टेकवून उचललं. शेजारच्या मॅडमना दाखवला तर त्यांचं उत्तर वेगळं, माझं वेगळं. म्हणून इथे टाकतोय.

प्रश्न चार गुणांचा:

2Al + 3Cl₂ → 2AlCl₃
५.४ ग्रॅम अ‍ॅल्युमिनियम आणि १७.७५ ग्रॅम क्लोरीन घेतले. लिमिटिंग रिएजंट कोणता? AlCl₃ किती ग्रॅम तयार होईल? कोणता अभिक्रियाकारक किती ग्रॅम उरेल? (Al = २७, Cl = ३५.५)

माझं मॉडेल आन्सर असं. अ‍ॅल्युमिनियम ०.२ मोल, क्लोरीन ०.२५ मोल. आपापल्या सहगुणकाने भागलं की ०.२ ÷ २ = ०.१ आणि ०.२५ ÷ ३ = ०.०८३३. लहान आकडा क्लोरीनचा, म्हणजे क्लोरीन आधी संपणार. त्यावरून AlCl₃ ०.१६६७ मोल, म्हणजे २२.२५ ग्रॅम. अ‍ॅल्युमिनियम ४.५ ग्रॅम खर्च होतं, ०.९ ग्रॅम उरतं. मोल काढण्याला एक गुण, रिएजंट ओळखण्याला एक, AlCl₃ ला एक, उरलेल्याला एक.

आता पोराने काय केलंय बघा. मोल दोन्ही बरोबर. मग:

Al : ०.२ ÷ ३ = ०.०६६७
Cl₂ : ०.२५ ÷ २ = ०.१२५
∴ Al लिमिटिंग रिएजंट

सहगुणक उलटे लावले. पुढे मात्र गाडी रुळावर. २ मोल Al पासून २ मोल AlCl₃, म्हणून ०.२ मोलपासून ०.२ मोल, गुणिले १३३.५ = २६.७ ग्रॅम. मग क्लोरीन किती लागला? ०.२ × ३/२ = ०.३ मोल = २१.३ ग्रॅम. इथे सहगुणक अगदी सरळ लावलेत! शेवटची ओळ: २१.३ − १७.७५ = ३.५५ ग्रॅम Cl₂ उरला.

मी दोन गुण दिले होते. मॅडम म्हणतात एकच, मोलचा. पोरगा उद्या येऊन तीन मागणार हे नक्की, कारण त्याच्या मते चूक एकाच ओळीत आहे. तुम्ही किती द्याल?

---

आईसाहेब_ठाणे

सर, माझ्या मुलीचं पण असंच झालं होतं. सगळी पद्धत बरोबर, एका ठिकाणी आकडा चुकला आणि चारपैकी शून्य. स्टेपला गुण द्यायचे नसतील तर मुलांना स्टेप लिहायला तरी का लावता? तीन द्या हो. एका चुकीला एकच गुण कापावा.

---

निम्मा_मोल

क्लासमध्ये शिकवतो, त्यामुळे ही चूक रोज बघतो. मी गुणांच्या भानगडीत पडत नाही. मुलांना एकच सांगतो की उत्तर आलं की वजनाची बेरीज करून बघ. घातलेलं एकूण ५.४ + १७.७५ = २३.१५ ग्रॅम. याचं AlCl₃ च २६.७ ग्रॅम. घातलं त्यापेक्षा जास्त निघालं, म्हणजे लिमिटिंग रिएजंट चुकला. ही चाचणी कधीच फसत नाही. ज्याने ती केली नाही त्याला तिसऱ्या ओळीचा गुण देऊ नये असं माझं मत.

---

बेन्झीनबाई

निम्मा मोल सर, या गणितात ती चाचणी फसत नाही, पण "कधीच" म्हणू नका.

इथे पदार्थ एकच तयार होतो. सगळं अ‍ॅल्युमिनियम संपलं असं धरलं की AlCl₃ चं वजन म्हणजे ते अ‍ॅल्युमिनियम अधिक त्याला *लागणारा* क्लोरीन, ५.४ + २१.३ = २६.७. लागणारा क्लोरीन हातातल्यापेक्षा जास्त आहे, म्हणून बेरीज घातलेल्या वजनाच्या पुढे जाणारच. एकच पदार्थ बनत असेल आणि सहगुणक बरोबर वापरले असतील, तर चुकीचा रिएजंट निवडल्यावर हे दर वेळी होतं.

पण शहाबादी फरशीच्या तुकड्यांवर हायड्रोक्लोरिक आम्ल ओतून CO₂ किती ग्रॅम निघेल असं विचारा. तिथे CO₂ बरोबर CaCl₂ आणि पाणीही तयार होतं. रिएजंट चुकीचा निवडला तरी नुसत्या CO₂ चं वजन घातलेल्यापेक्षा बरंच कमी असू शकतं आणि कोणाला संशयही येणार नाही. तिथे तिन्ही पदार्थांचं वजन काढून बेरीज करावी लागेल. तेवढं कोण करतंय तीन तासांच्या पेपरात?

खडूची धूळ सर, तुमच्या मूळ प्रश्नावर सविस्तर लिहिते. आत्ता प्रॅक्टिकलची बॅच आहे.

---

तारापूरकर

शाळेचं माहीत नाही, कारखान्यातलं सांगतो. आमच्याकडे ही चूक लाल पेनाने दुरुस्त होत नाही.

सल्फ्युरिक आम्लाचं कॉस्टिकने न्यूट्रलायझेशन होतं. एक मोल आम्लाला दोन मोल कॉस्टिक. म्हणजे ९८ किलो आम्लाला ८० किलो. नवीन ट्रेनी पोराने दोनने गुणायच्या जागी भागलं आणि शीटवर २० किलो लिहिलं. शिफ्टवाल्याने तेवढंच घातलं. पीएच पेपर लालच्या लाल. एक तास सगळे कॉस्टिकच्या गोणीचा लॉट नंबर तपासत बसले, माल खराब आला म्हणून. गणित कोणी बघितलं नाही!

दोन आणि एक उलटे झाले की चारपट फरक पडतो हे तेव्हा कळलं. तुमच्या पोराला दोनच द्या. नाही, एक.

---

खडूची_धूळ

तारापूरकर, तुमच्या ट्रेनीला किती लागेल हेच काढायचं होतं, आधी कोण संपेल हा प्रश्नच नव्हता. पण सहगुणक उलटा लागला की काय होतं ते छान दाखवलंत. माझ्या गणितात ३ आणि २ आहेत, म्हणून तो फरक सव्वादोनपट होतो.

आईसाहेब, शून्य कोणीच देत नाहीये हो. मोलचा गुण त्याला मिळणारच आहे.

---

बेन्झीनबाई

आले. आता सावकाश लिहिते.

पहिली गोष्ट, दुसरा गुण जातो. यात वाद नसावा. रिएजंट ओळखा म्हटलंय, त्याने चुकीचा ओळखला.

तिसरा गुण मी देईन. मागची चूक पुढे वाहत आली असेल तर पुढच्या पायरीचं काम त्या पायरीपुरतं तपासायचं. अ‍ॅल्युमिनियम आधी संपतं असं धरल्यावर २६.७ हेच उत्तर यायला हवं, आणि ते त्याने समीकरणातलं २:२ प्रमाण वापरून काढलंय. एकाच चुकीसाठी दोनदा कापायचं नाही.

चौथा गुण मात्र मी देणार नाही, आणि तो मागच्या चुकीमुळे नाही. ती ओळ पुन्हा वाचा. २१.३ − १७.७५. लागणारा २१.३, हातात १७.७५. जे उरतं ते हातातल्यातून लागलेलं वजा करून काढतात. त्याने उलटं केलं, कारण सरळ केलं असतं तर उणे आलं असतं. ही नवी चूक आहे, स्वतंत्र. आणि याच ओळीत त्याला त्याची आधीची चूक सापडायला हवी होती. क्लोरीन पुरतच नाही हे त्याने स्वतःच्या अक्षरात लिहिलंय!

गंमत बघा. ते ३.५५ ग्रॅम म्हणजे बरोब्बर तेवढा क्लोरीन, जो त्याला *कमी पडला*. आणि २६.७ मधून घातलेले २३.१५ वजा केले तरी ३.५५ च येतात. हवेतून आलेलं वजन नेमकं तेवढंच आहे. "उरला" च्या जागी "कमी पडतो" लिहिलं असतं तर मी पेन थांबवलं असतं.

तर माझे दोन.

---

दुबईकर_मास्तर

इकडे आयबी शिकवतो. उत्तरपत्रिकेवर आम्ही ECF लिहितो, म्हणजे चूक पुढे वाहून आली, पुढचं काम ग्राह्य. बेन्झीनबाईंनी सांगितलं तसंच, तिसरा गुण आम्ही देऊ, चौथा नाही.

फक्त एक शंका. पुढे वाहून आलेल्या चुकीला सूट तेव्हा, जेव्हा पुढचं काम तितकंच अवघड राहतं. इथे अ‍ॅल्युमिनियम आणि AlCl₃ चं प्रमाण २:२ आहे, म्हणजे एकास एक. क्लोरीनकडून गेला असता तर २/३ ने गुणावं लागलं असतं. चुकीच्या वाटेने गेल्यामुळे त्याचं काम सोपं झालं. मग तिसरा गुण खरंच कमावला का? मी देईन, पण हात थोडा थरथरेल.

---

शेजारच्या_मॅडम

मीच ती, "मॅडम म्हणतात एकच". धाग्याची लिंक सरांनीच पाठवली.

माझं म्हणणं साधं आहे. या प्रकरणात शिकवायची गोष्टच ती एक आहे, कोण आधी संपतं. तिथे चुकल्यावर पुढचं गणित म्हणजे नुसतं त्रैराशिक, ते सातवीचं पोर करतं. सर, चार गुणांचा प्रश्न तुम्ही असा फोडलाय की मुख्य मुद्द्याला एकच गुण आणि त्रैराशिकाला दोन. भांडण पोराच्या पेपरावर नाही, तुमच्या गुणविभागणीवर आहे.

---

खडूची_धूळ

मॅडम, स्टाफरूममध्ये एवढं स्पष्ट बोलला असतात तर धागा काढलाच नसता. :)

पण मुद्दा लागला. रिएजंट ओळखण्याला दोन आणि मोलला अर्धा-अर्धा असं काही करायला हवं होतं. आता पेपर होऊन गेला, सगळ्या वर्गाला हीच विभागणी लावावी लागेल.

---

सोडियम_पाण्यात

बारावी झालोय, मास्तर नाही. पण मला वाटतं सर, तुमची पद्धतच लांबची आहे. AlCl₃ पुढे २ आहे ना? दोन्ही मोल त्याच दोनने भागायचे. AlCl₃ किती बनेल तेच काढायचंय, मग भाग AlCl₃ च्या आकड्यानेच जायला हवा.

---

बेन्झीनबाई

करून बघ बरं. ०.२ ÷ २ = ०.१, ०.२५ ÷ २ = ०.१२५. लहान अ‍ॅल्युमिनियम. पुन्हा तेच चुकीचं उत्तर. दोघांना एकाच आकड्याने भागणं म्हणजे मोल नुसतेच समोरासमोर ठेवण्यासारखं आहे, प्रमाण आलंच नाही त्यात.

आणि तुला एक गंमत सांगते. अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड तापवून त्याची वाफ केली की तिथे दोन-दोन AlCl₃ जोडीने असतात, Al₂Cl₆. मग कोणी समीकरण असं लिहिलं तर काय होईल?

2Al + 3Cl₂ → Al₂Cl₆

आता उजवीकडे २ नाही, १ आहे. तुझ्या पद्धतीत भागणारा आकडा बदलला. पण भांड्यात तेच अ‍ॅल्युमिनियम, तोच क्लोरीन. क्लोरीनच आधी संपणार. उत्तर ०.०८३३ मोल गुणिले २६७, पुन्हा २२.२५ ग्रॅम. कोण आधी संपतं यात उजवीकडच्या आकड्याला मत नसतं. तो शेवटी लागतो, किती बनलं हे काढताना.

---

सोडियम_पाण्यात

ओके मॅडम. सीईटीत मी असंच करून आलोय बहुतेक. 😐

---

निम्मा_मोल

बेन्झीनबाई, "कधीच" मागे घेतो. CO₂ चं उदाहरण पटलं.

पण एक विचारतो. पोराने ३ आणि २ उलटे लावले आणि पुढे तेच सरळ लावले. निष्काळजीपणा म्हणावा तर एकाच पेपरात, पाच ओळींच्या अंतरावर असं कसं? आमच्या क्लासमध्ये मी भागाकार शिकवत नाही, तिरकस शिकवतो. एकाच्या मोलला दुसऱ्याच्या सहगुणकाने *गुणायचं*. ०.२ × ३ = ०.६, ०.२५ × २ = ०.५. लहान क्लोरीन. भागाकार नाही, अपूर्णांक नाही, पोरं खूश. या पोराने तिरकस आकडे उचलले आणि तुमचा भागाकार केला असं नाही ना?

---

बेन्झीनबाई

सर, हे मला सुचलं नव्हतं. मी समजत होते की Cl₂ च्या पायातला २ त्याने सहगुणक म्हणून घेतला आणि AlCl₃ च्या पायातला ३ अ‍ॅल्युमिनियमला चिकटवला. तेही पुष्कळ मुलं करतात. दोन्हींत कागदावर अगदी हेच आकडे दिसतील!

कागदावरून ठरणार नाही. पोरालाच विचारा. किंवा त्याला N₂ + 3H₂ → 2NH₃ वर एक गणित द्या. तिरकसवाला नायट्रोजनला ३ ने भागेल आणि हायड्रोजनला १ ने. पायातले आकडे घेणारा हायड्रोजनला २ ने भागेल. लगेच वेगळे पडतील.

---

आईसाहेब_ठाणे

म्हणजे चूक क्लासवाल्यांची आणि गुण कापले मुलाचे!

---

निम्मा_मोल

ताई, तिरकस पद्धत चूक नाहीये. दोन अपूर्णांकांतला लहान कोणता हे तिरकस गुणूनच बघतो आपण, पाचवीपासून. दोन पद्धती मिसळल्या की घोटाळा.

---

खडूची_धूळ

दोन दिवसांनी येतोय. पोराला बोलावलं.

बेन्झीनबाईंचं अमोनियाचं गणित दिलं. त्याने नायट्रोजनला ३ ने भागलं, हायड्रोजनला १ ने. मी काही बोलायच्या आत म्हणाला, "सर, क्लासमध्ये तिरकस घ्यायला सांगितलंय." निम्मा मोल जिंकले. वर्गात मी भागायला सांगितलेलं, तिकडे तिरकस सांगितलेलं, आणि पोराने दोघांचाही मान ठेवला.

मग ३.५५ बद्दल विचारलं. मान खाली घालून म्हणाला, "उणे येत होतं सर, म्हणून मोठ्यातून लहान वजा केलं." म्हणजे त्याला दिसलं होतं. वेळ होता, पण मागच्या पानावर जाऊन बघावं असं वाटलं नाही.

गुण दोनच ठेवले. त्याने तीन मागितलेच नाहीत, बेरीज करून २६.७ आणि २३.१५ शेजारी लिहून दाखवल्यावर स्वतःच हसला. मॅडम अजून एकावर ठाम आहेत, त्यांच्या तुकडीत त्यांनी तसंच केलंय. दोन तुकड्यांना दोन न्याय, हे मला खुपतंय. विभागप्रमुखांकडे न्यायचं का ते ठरलेलं नाही.

---

दुबईकर_मास्तर

न्या. एकाच प्रश्नाला एका कॉलेजात दोन मापं चालणार नाहीत. आणि पुढच्या वेळी आकडे निवडताना हेच आकडे ठेवा. क्लोरीनचे मोल अ‍ॅल्युमिनियमच्या दोन-तृतीयांशापेक्षाही कमी असते, समजा ०.२ ला ०.१, तर उलटे सहगुणक लावूनही क्लोरीनच आला असता आणि तुम्ही दुसरा गुण डोळे झाकून दिला असता. ०.२ आणि ०.२५ मुळे चूक उघडी पडली.

---

शेजारच्या_मॅडम

दुबईकर सर, पण त्याच आकड्यांचा एक तोटा आहे. ग्रॅमची तुलना करणारा, मोलची तुलना करणारा, उलटं भागणारा, सगळेच अ‍ॅल्युमिनियम म्हणणार. मधलं गणित न लिहिता नुसतं "Al" लिहिलेले माझ्याकडे नऊ पेपर आहेत. कोणाची कुठली चूक, कसं कळणार?

---

खडूची_धूळ

त्यावरून आठवलं. मॅडम, तुमच्या गठ्ठ्यातला तो मुलीचा पेपर, ज्यात तुम्ही रिएजंटचा गुण कापून "पद्धत?" असं लिहिलंय. तिथे ०.६ आणि ०.५ लिहून पुढे "Cl₂" लिहिलंय. मलाही परवापर्यंत ते आकडे कुठून आले कळले नव्हते.

---

शेजारच्या_मॅडम

बघितला. तिरकस आहे, गुणाकारच केलाय. गुण लावला.